औषध आणि मटणाचा सांधा

सडक अर्जुनीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि माझी जीभ दुकानापेक्षा मोठी आहे. सासऱ्यांनी बोदलकशाकडच्या त्यांच्या गावी बियाण्याचं धान ठेवायला पक्की खोली बांधायला काढली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "मामाजी, काँक्रीटमध्ये माझं औषध टाका. थेंब खाली येणार नाही."

औषध म्हणजे वॉटरप्रूफिंगचं द्रव. सिमेंटच्या एका बोरीला दोनशे मिली, तेही मिसळायच्या पाण्यातून. त्यानं काँक्रीटची बारीक छिद्रं पाणी कमी पितात. एवढंच. पण 'एवढंच' हा शब्द दुकानदाराच्या तोंडून निघत नाही.

मे महिन्यात छताचा स्लॅब ओतायला घेतला. स्लॅबच्या दिवशी मजुरांना मटण खाऊ घालायची रीत. अर्धा स्लॅब झाला आणि मटण तयार झालं. मिस्त्री म्हणाला, "पूरा ढाल के खाएंगे." म्हणजे सगळा स्लॅब ओतूनच जेवू. मी जावई, यजमानाच्या तोऱ्यात होतो. मी काम थांबवून सगळ्यांना पंगतीला बसवलं. वाढणं, आग्रह, दोन तास गेले. वर उन्हात आधीच्या मालाची कड आवळून कडक झाली होती. नवा माल आता तिला धरणार नव्हता; मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. मी कॅनमधलं उरलेलं औषध त्या कडेवर तसंच ओतलं आणि म्हणालो, "आता काही होत नाही." उरलेला स्लॅब तिथूनच पुढं ओतला.

तीन आठवड्यांनी सेंट्रिंगच्या फळ्या-टेकू निघाले. सासऱ्यांनी स्लॅबवर मातीचे बांध घातले, धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, भरतात तसं पाणी भरलं आणि खाली खाट टाकली.

"बसा जवाई. थेंब येत नाई म्हणता ना, तं बसा."

मी पांढरा शर्ट घालून बसलो. सासूबाई चहा देत होत्या, शेजारी येऊन छताकडं आणि मग माझ्याकडं बघून जात होते. दुपारपर्यंत शर्ट कोरडा. मी फुशारकीत पाय पसरले. चार वाजता पहिला थेंब नाकावर पडला. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतानं आखल्यासारखी ओली रेघ उमटली. दोन्ही बाजूंना छत ठणठणीत कोरडं होतं.

सासऱ्यांनी वर पाहिलं. "औषध बराबर हाये. बांधीत कितीबी चिखल करा, भेग पडली तं पानी जातेच. इथं तं तुमी खुद भेग पाडली. जेवाले कायले घाई केली?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांधा खाचून नवा भरावा लागेल, त्यातही शंभर टक्के खात्री नाही, हे मी पहिल्यांदाच खरं सांगितलं.

सासरे सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "धान जुन्याच कोठीत राहू दे. हे खोली जवायाची. आले का इथंच झोपतीन."