मागचं झालेलं आणि आत्ता अडलेलं

माझा राग नाकावर असतो, हे जालन्याच्या आमच्या बियाण्याच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं, आणि मी चुकणार नाही असं मला मनापासून वाटायचं. त्या दिवसापर्यंत तरी.

रंग बघून खराब दाणे बाजूला उडवणारं आमचं यंत्र जपानी. त्याचा कॉम्प्युटरही जपानी भाषेतला. त्याचा कॅमेरा बदलला होता आणि नव्या कॅमेऱ्याला जुना प्रोग्राम ओळखेना. पुरवठादाराने नवा पाठवला होता, तो काळ्या खिडकीत कमांड देऊन बसवायचा. हरभऱ्याचं बियाणं पोत्यांत पडून होतं आणि पेरणी तोंडावर आली होती.

कमांड दिली. चाळीसेक ओळी धडाधड आल्या आणि थांबल्या. मी फोनचा कॅमेरा पडद्यावर धरला. शेवटच्या ओळीचं भाषांतर आलं, 'बसवणे अयशस्वी'. ते तर दिसतच होतं. तिच्या वर एक पिवळी ओळ होती. फोन म्हणाला, 'इशारा: मागील काम व्यवस्थित संपले नाही.' तीच मी धरून बसले. परत कमांड दिली, परत तेच आलं.

मागचं काम कुणाचं? यंत्र चालवणाऱ्या काकांचं. काका आष्टीचे, यंत्र आलं त्या दिवसापासून त्यावर. या हंगामानंतर निवृत्त होणार होते. मी मॅनेजर साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं की काकांनी यंत्र नीट बंद केलं नाही, म्हणून बिघडलं. कारखान्याच्या ग्रुपवरही तेच लिहिलं. साहेबांनी काकांना यंत्रावरून काढून पोती शिवायला बसवलं. काकांनी टोपी सारखी केली आणि ते गेले.

दुपारपर्यंत माझं डोकं चालेनासं झालं. काकांची एक जुनी वही होती, यंत्र बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरने सांगितलेलं त्यात लिहिलेलं. ती मागायला मी पोत्यांकडे गेले. वही घरी होती. हातातला सुतळीचा दाभण बाजूला ठेवून काका म्हणाले, "चला, बघतो."

पडद्यासमोर ते वाकून उभे राहिले. वाचत नव्हते, प्रत्येक ओळीचा फक्त शेवट बघत होते.

"ताई, त्या जपानी साहेबानं मला एवढंच शिकवलं. ही तीन अक्षरं दिसली की 'न्हाई'. मासेन. आपल्यावानीच त्यांचंबी न्हाई शेवटाला येतंय."

पिवळ्या ओळीतही ती अक्षरं होती. मी बोट ठेवलं.

"त्याच्यापुढं अजून तीन हायेत. देश्ता. म्हंजे झाल्तं, गेल्तं. परवा लाईट गेल्ती, मशीन तशीच बंद पडल्ती, ते सांगून राह्यलंय. तो इशारा हाये, त्यानं काम अडत न्हाई. नुसतं मासेन कुठं हाये ते बघा. आत्ता काय होत न्हाई, ते तिथं असतंय."

नुसतं मासेन वर होतं, सहा-सात ओळी मागे, लाल अक्षरांत. मी ती ओळ सरकवून पुढे गेले होते, कारण माझ्या डोळ्यांना शेवट हवा होता आणि मनाला गुन्हेगार. फोन धरला. 'प्रक्रियेला फाईल वापरता येत नाही. दुसरी प्रक्रिया ती वापरत आहे.' त्यापुढे फाईलचं नाव होतं, साध्या इंग्रजी अक्षरांत. त्या ओळीतलं तेवढंच मला फोनशिवाय वाचता आलं असतं.

ती यंत्राच्या नोंदींची फाईल होती. सकाळी बॅकअप घ्यायला मी नोंदी बघायचा प्रोग्राम उघडला होता. तो पडद्याच्या खालच्या पट्टीत दडून तसाच चालू होता. मी तो बंद केला, कमांड पुन्हा दिली. सगळ्या ओळी निघून गेल्या आणि काम झालं.

मला फार लाज वाटली. साहेबांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. ते म्हणाले, "मशीन चालू झाली ना, मंग सोडा." मी सोडलं नाही. सकाळच्या मजकुराखाली, त्याच ग्रुपवर, काकांचा काही दोष नव्हता, सगळी चूक माझी, असं लिहिलं. दोघांनी अंगठे दाखवले. सकाळी माझ्या आरोपाला बारा जणांनी दाखवले होते.

काका परत यंत्रावर आले. कॅमेऱ्याखालून दाणे वाहू लागले. मी विचारलं, "काका, सकाळी मी तो प्रोग्राम उघडला, तेव्हा तुम्ही इथंच होता ना?"

"होतो की. तुम्ही उघडला तो दिसला, बंद केलेला दिसला न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

ते दाण्यांकडेच बघत होते. "तुम्ही फोनला इचारून राह्यल्या व्हत्या, ताई. मला कुठं इचारलं?"