सोळाशे तास

लेबल वाचण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नव्हतं, आणि याचा मला माज होता. सहा वर्षांपूर्वी फ्रीज घेताना मी दुकानदाराची बडबड बाजूला सारून लेबलावरचे वर्षाचे युनिट वाचले, आमच्या दराने गुणले आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला. वर्षभराने बिलं पडताळली, हिशोब जवळपास बरोबर निघाला. तेव्हापासून नवऱ्याने या विषयात माझ्यापुढे तोंड उघडलं नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी आई मनमाडहून आमच्याकडे, नाशिकरोडला आली. तिचं हृदय दुबळं झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, "पाऊस पडेपर्यंत खोली दिवसरात्र गार पाहिजे. उकाडा यांना झेपणार नाही." आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब दुपारी तव्यासारखा तापणारा. म्हणून एसी घ्यायला गेलो. एक टनाच्या तीन स्टारवर वर्षाला सातशे युनिट लिहिले होते, पाच स्टारवर साडेपाचशे. आमचा वरच्या टप्प्याचा दर पंधरा रुपये धरला. साडेपाचशे गुणिले पंधरा, सव्वाआठ हजार. मी दुकानातच जाहीर केलं, "पाच स्टार. झेपतंय."

एसी बसला त्या संध्याकाळी मी सहज त्याच्यासमोर स्टुलावर चढले आणि लेबलावरची बारीक ओळ वाचली. ते साडेपाचशे युनिट वर्षातल्या सोळाशे तासांचे होते. फ्रीज बाराही महिने चालू असतो, म्हणून त्याच्या लेबलावरचा आकडा अख्ख्या वर्षाचा. एसीचा तसा नसतो. आणि मी, हुशारी मिरवणारी बाई, दोन्ही एकाच मापाने मोजून मोकळी झाले होते.

स्वतःचा राग मी स्वयंपाकघरात नवऱ्यावर काढला. "पावसापर्यंत शंभर दिवस, रोज चोवीस तास, म्हणजे चोवीसशे तास! लेबलावर सोळाशेच आहेत! वरचे आठशे कुठून आणायचे?"

"हळू बोल," नवरा म्हणाला, "आई आत आहेत." मी हळू बोलले नाही.

त्यानंतर पंधरा दिवस सगळं सुरळीत वाटलं. सकाळी साडेनऊला मी शाळेच्या ऑफिसात कामावर जायची, नवरा त्याआधीच गेलेला असायचा. सहाला परत यायची तेव्हा आईची खोली गार असायची. तरी आई दिवसेंदिवस मलूल होत होती, पायांवर सूज दिसत होती. विचारलं की म्हणायची, "लय बरं हाय."

एका शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाने सुटली. मी दीडला घरी आले. आईच्या खोलीचं दार ढकललं तर आतून गरम वाफ तोंडावर आली. एसी बंद होता. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर ओला टॉवेल, ओठ कोरडे, श्वास तोंडाने चाललेला. मी हाक मारली, तिने डोळे उघडायला वेळ लावला. रिमोट माझ्या हातून दोनदा खाली पडला. एसी लावला, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या. रिक्षा यायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तिची नाडी धरून बसले होते आणि मला काही नीट मोजता येत नव्हतं.

"आई, बंद का केलास गं?"

"शंभर दिवसाला सोळाशेच तास हायेत ना," ती तुटक तुटक बोलली. "म्हणजे दिवसाला सोळा. तू कामाला जाती ते आठ मी वाचवते. साडेपाचला लावते परत. उद्या संपले तर जावईबापूंनी कुठून आणायचे?"

रेशनच्या साखरेसारखे ते तास तिने पुरवून वापरले होते. लेकीच्या घरी राहण्याचा संकोच आणि त्यात माझं ते ओरडणं.

तीन दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली. मग मी तिच्याजवळ बसून खरं सांगितलं. तास संपत नसतात. आठशे तास जास्त चालवला तर साधारण पावणेतीनशे युनिट वाढतात, म्हणजे चार हजारांच्या आसपास. कडक उन्हाळ्यात थोडे आणखी.



"चार हजार?" ती म्हणाली. "त्याच्यासाठी तू एवढी ओरडत होतीस, बाई?"

मी रिमोट उचलून कपाटावर, तिचा हात पोचणार नाही असा ठेवला.