मंगळ लपवायला ठोकलेली वेळ

आता आजी झाले, तरी माझ्या तेव्हाच्या शहाणपणाची लाज वाटते. लेक करंजाला घरीच जन्मली, घड्याळ कुणी पाहिलंच नाही. मी पत्रिकेसाठी अशी वेळ ठोकून दिली, की तूळ लग्न येऊन मंगळ निरुपद्रवी तिसऱ्या घरात जावा!

स्थळ आलं तेव्हा पनवेलचे ज्योतिषी म्हणाले, "बाई, वेळ संशयाची वाटते. लग्न दर दोन तासांनी बदलतं, म्हणून चंद्राची रासच लग्न धरू. चंद्र राशीत सव्वादोन दिवस असतो, त्या दिवशी रासही बदललेली नाही."

त्यांनी चंद्राची मिथुन रास पहिल्या घरात मांडली. धनूतला मंगळ सातव्यात, जोडीदाराच्या घरात आला.

मुलाच्या आईनं पत्रिका परत केली.

रिक्षात लेकीनं विचारलं, "आई, मी नक्की किती वाजता जन्मले?"

मला ठाऊकच नव्हतं.