पाकिटावर दुसऱ्याचं नाव

ते पत्र मी लिहिलं होतं. एक माणूस सोडला तर हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. देवळीत एका कापूस कंपनीचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होता आणि मी तिथे कारकून होतो. नागपूरच्या मुख्य कचेरीत सरकीचा नवा विभाग निघतो आहे, असं कानावर आलं. आतल्या आत माणसं निवडायचं काम तिथल्या आस्थापनाबाबूंकडे होतं. रिवाज असा की अर्ज आपल्या मॅनेजरच्या मार्फतच जायचा. पण मॅनेजरांना कळलं आणि जागा मिळाली नाही, तर रोज त्यांच्याच समोर बसायचं. म्हणून मी आस्थापनाबाबूंना खासगी पत्र टाकलं. जागा आहे का, एवढंच विचारलं आणि विनंती केली की मॅनेजरसाहेबांना तूर्त कळू नये, उत्तर काटेबाबूंच्या नावाने त्यांच्या घरी पाठवावं.

काटेबाबू म्हणजे आमच्या वजनकाट्यावर कापसाच्या बैलबंड्या तोलणारे. मी विचारलं तेव्हा हसले. "येऊ दे ना भाऊ. माह्या घरी कोन पत्र धाडते? पोस्टमन तरी येईल!"

आस्थापनाबाबू सज्जन निघाले. गुप्तता राखायची म्हणून त्यांनी आतल्या पत्रातही माझं नाव घातलं नाही. पण पाकीट कंपनीचं छापील होतं. पोस्टमनने ते पाहिलं आणि सवयीने कारखान्याच्या टपालात टाकलं. कारखान्याचं सगळं टपाल मॅनेजर फोडत.

त्यांनी काटेबाबूंना बोलावलं. मी शेजारच्या टेबलाशी होतो. साहेबांनी पत्र मोठ्याने वाचलं.

"'आपली विनंती ध्यानात आहे. जागा निघाल्यास मॅनेजरांची संमती घ्यावी लागेल.' काऊन हो बाबू, काट्यावर बसून काटे टोचून राह्यले काय तुम्हाले?"

काटेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी मान खाली घालून जावक नोंदवत राहिलो.

"चुकलं साहेब," ते म्हणाले.

त्या हंगामात त्यांना मुख्य तोलणार करायचं ठरलं होतं. ती शिफारस मॅनेजरांनी मागे घेतली. मला काटेबाबूंनी एका शब्दाने बोल लावला नाही. "जाऊ दे भाऊ, तुले नोकरी नवी हाय," इतकंच.

पुढे जागा निघाली. मी शहाण्यासारखा रीतसर अर्ज केला, मार्फत मॅनेजर. त्यांनी लगेच सही केली. "तू तरी समोरून आला. पाठीमागून लिहिणाऱ्यातला नाई."

मी "हो साहेब" म्हणालो आणि नागपूरला गेलो.

काटेबाबू काट्यावरूनच निवृत्त झाले. ते देवळीतच आहेत, मॅनेजर वर्ध्याला. "पत्र माझं होतं" हे वाक्य मी दोघांनाही देणं लागतो: मॅनेजरांना सांगायचं, आणि काटेबाबूंच्या समोर सांगायचं. अजून सांगितलेलं नाही.