बिनखांबाची बाल्कनी

परभणीच्या घरावर आम्ही मजला चढवला तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे अगदीच पोर. पेडगावला पत्र्याच्या घरात वाढलेली मी. उंचावर बसायचं म्हटलं तर तिथं कडब्याची गंजी. पण डोळे मिटले की मला कायम एक बाल्कनी दिसायची. खाली काही नाही, वर काही नाही, आणि मधे मी, हातात चहाची कपबशी घेऊन तरंगत असलेली.

आमचे हे मात्र जमिनीवरचे माणूस. "बाल्कनी हवी तर खाली दोन खांब घ्या. नाहीतर नकोच," असं त्यांनी इंजिनिअर पोरीला बजावलं. खांब आले असते तर थेट फाटकाच्या तोंडात. ही पोरगी पूर्णेची, बाप रेल्वेत, बोलायला मऊ आणि कामाला कडक. ती म्हणाली, "काका, खांब लागत न्हाई. ही कॅन्टिलिव्हर हाय."

काय तो शब्द! मी लगेच शेजारणींना सांगून आले, की आमच्या बाल्कनीला परदेशी सिमेंट लागतंय, कॅन्टिलिव्हर नावाचं, लय भारी. आमच्या वेळच्या बीए बाईचं ज्ञान ते.

पोरीच्या कानावर ते गेलं. हसली नाही बिचारी. पाण्याने भरलेली कळशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, हात सरळ पुढं धरा." मी धरला. "आता सांगा, ओढ कुठं बसायलीय?"

"खांद्यावर, वरच्या अंगाला. आगं घे की आता, हात तुटायलाय!"

"तेच कॅन्टिलिव्हर. एका टोकाला घट्ट धरलेलं, दुसरं टोक मोकळं. वजन त्याला खाली वाकवतं, म्हणून वरचं अंग ताणलं जातं. काँक्रीट दाब सोसतं, पण ताण सोसत न्हाई. म्हणून इथं मुख्य सळ्या वरच्या अंगाला. आणि बाहेर चार फूट, तर आत खोलीच्या स्लॅबमधी सहा फूट तरी गेल्या पाहिजेत. धरून ठेवायला नको का काहीतरी?"

हे ऐकत होते. मान हलवली, पण मनातले दोन खांब काही काढले नाहीत. "स्लॅबच्या दिवशी एक जरी गोष्ट चुकली, तर बाल्कनी रद्द," म्हणाले.

स्लॅबच्या दिवशी आमच्याकडे सळ्यांना हळदकुंकू वाहून नारळ फोडतात, मगच काँक्रीटचा माल पडतो. पूजा सगळे खोलीवरच्या सळ्यांपाशी करतात. मी कशी करीन? माझी लाडकी बाल्कनी! पाच सवाशिणी घेतल्या, नऊवारी सावरत बाल्कनीच्या सळ्यांच्या जाळीवर थेट टोकाला गेले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग फोटो. "अजून जवळ या गं!" मीच ओरडत होते. पायाखाली सळ्या करकरल्या. मला वाटलं, आशीर्वादच देताहेत.

मिस्त्रीने मिक्सर सुरू केला आणि पोरगी वर आली. वाकून तिने बाल्कनीची जाळी पाहिली, सळीखाली बोट घातलं. बोट जाईना.

"बंद करा मिक्सर!"

वरच्या सळ्या वर राहाव्यात म्हणून खाली सळीचेच वाकवलेले छोटे आधार ठेवलेले असतात. आम्हा सहा जणींच्या भाराने ते आडवे झाले होते आणि सळ्या तळाच्या फळ्यांना टेकल्या होत्या.

"मावशी, असाच माल पडला असता तर टेकू काढल्या दिवशी बाल्कनी खाली."

यांनी संधी साधली. "झालं! कापा त्या सळ्या. बाल्कनी नको."

माझं तोंड एवढंसं झालं. कपाळावर पैशाएवढं कुंकू, हातात नारळाची वाटी, आणि डोळ्यांसमोर माझं तरंगणं विरघळत चाललेलं.

"काका, चुकलं ते माल पडायच्या आधीच दिसलंय न," पोरगी म्हणाली. "सळ्या उचलून बांधू, आधार दुप्पट ठेवू, चालायला फळ्या टाकू. मग तुमी स्वतः बोट घालून बघा. न्हाई पटलं तर मीच कापते."

मिस्त्री पुटपुटला, पण कामाला लागला. बांधून झाल्यावर हे गुडघ्यावर बसले, एकेका सळीखाली बोट घालत टोकापर्यंत गेले. मला वाटलं, हा माणूस आता नाडी सापडत नाही म्हणणार. उठले, धोतर झटकलं. "टाका माल."

बाल्कनीखालचे टेकू खोलीच्या टेकूंपेक्षा उशिरा निघाले, तेही पोरीच्या देखत. आधी बाहेरच्या मोकळ्या टोकाचे, मग सरकत सरकत भिंतीकडचे. शेवटचा निघाला तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून वर बघत होतो. काही झालं नाही. इतकं सुंदर काहीच न होणं मी पुन्हा पाहिलेलं नाही.

कठडा झाल्यावर एका संध्याकाळी मी एकटीच बाहेर गेले. मानवतकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमधून सुटलेले तंतू हवेत हलके हलके चालले होते, माझ्याच उंचीवरून. मागे दारात चप्पल वाजली. हे उंबऱ्यावर थबकले होते.

"या की," मी म्हटलं.

त्यांनी एक पाय टाकला. जरा वेळाने दुसरा.