शनिवारी आलेला चार जुलै

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या औषधं पॅक करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी एचआर बघते. म्हणजे कोणाची रजा, कोणाची कुरकुर, आणि कॉफी मशीन बिघडलं तरी फोन मलाच. त्या वर्षी चार जुलै, म्हणजे इथला स्वातंत्र्यदिन, शनिवारी आला आणि ऑफिसातल्यांनी माझं डोकं खाल्लं. शुक्रवारी सुट्टी आहे ना, आहे ना?

मालक पुण्याचे, मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, "शनिवारी आली, बुडाली. आपल्याकडे सव्वीस जानेवारी रविवारी आला की सोमवार देतं का कोणी?"

"काका, इथली सरकारी ऑफिसं शुक्रवारी बंद आहेत."

"त्यांना कायदा आहे. मला नाही."

खरंच होतं ते. खाजगी कंपनीवर सक्ती नाही. मी दातओठ खात, पण गोड आवाजात समजावलं. सुट्टी नुसती झेंड्यासाठी नसते हो, नोकरी देताना आपण ती विश्रांती कबूल केलेली असते. ज्याचा शनिवार एरवीही मोकळाच, त्याला चार जुलैने काय दिलं? कॅलेंडरने गिळलेला दिवस परत द्यायचा, म्हणून बदली सुट्टी. कितीतरी देश देतात. काका शेवटी वैतागले. "दे बाई शुक्रवार, पण आता जा."

मी इतकी दमले होते, की त्या शुक्रवारी फोन बंद करून नुसतं झोपायचं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी पॅकिंगच्या मावशी आल्या. त्यांची शिफ्ट मंगळवार ते शनिवार. "अगं, मालक म्हणतात, शुक्रवार दिलाय, आता शनिवारी कामावर या. माझा मुलगा दुकानात कामाला असतो, त्याला तेवढा चार जुलैच मोकळा. किती महिन्यांनी घरी जेवायला येणार होता गं."

अरे देवा! म्हणजे एवढं भांडून मी ह्यांचीच सुट्टी घालवली होती. पुन्हा काकांकडे गेले.

"काका, बदली ज्याची बुडाली त्याला. मावशींचा शनिवार कामाचाच दिवस, त्यांची सुट्टी जागच्या जागी आहे. त्यांच्या शिफ्टला शनिवारच द्या."

"मग शुक्रवारी पॅकिंग चालू. बिल्डिंग कोण उघडणार? मी तर तिकडे लांब, फ्रीमाँटला लेकीकडे."

चावी आम्हा दोघांकडेच होती. "मी उघडते," म्हटलं.

शुक्रवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि जांभया देत दार उघडलं. मावशी ओशाळून म्हणाल्या, "तुझी सुट्टी गेली गं. तुला बदली कधी?"

"मागेन की काकांकडे," म्हटलं. मागायचं त्राण नव्हतं अंगात.

शनिवारी दुपारी त्यांनी फोटो पाठवला. मुलगा ताटावर वाकलेला, मावशी वाढतायत, दोघं हसतायत. मला एकदम रडूच आलं. बरं वाटलं म्हणून, आणि खूप दमले होते म्हणूनही. मग फोन बंद केला आणि झोपले. शनिवार काय, माझा एरवीही मोकळाच होता.