रंग फिके होते म्हणे

रिया, ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, दारावर ते चित्र कोणाचं लावलंयस?" मी विषय बदलला. तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं, ते आज लिहून देते. लाजेचं आहे, पण तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

मी तिसरीत होते. आम्ही खाडीकाठचे, मिठागरातले. शाळेच्या भिंतीवर लावायला 'माझं घर' हे चित्र काढायचं होतं. मी घर काढलं आणि घरामागे मिठाच्या राशी. मीठ पांढरं म्हणून कागद तिथे कोराच सोडला. बाईंनी चित्र हातात घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "छान आहे हं बाळ. पण रंग फिके आहेत. भिंतीवर उठून दिसणार नाही."

निवडलं माझ्या मैत्रिणीचं. तिच्या वडिलांची केळीची मोठी वाडी होती.

मी दाराबाहेर चप्पल घालत होते, तेव्हा बाई दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "उद्या तपासणीला साहेब येणार, आणि भिंतीवर मिठागर? ही पोरं अजून पानी-पानी करतात."

दोन्ही वाक्यं ऐकली. विश्वास पहिल्यावर ठेवला. दुसरं फार लागलं असतं. मिठागर मी पुन्हा कधी काढलं नाही. वर्षभर केळीची वाडीच काढत राहिले, गडद हिरवी. 'पाणी'तला ण आरशासमोर घोटला. पुढे इंग्रजी शिकले, इंग्रजी शिकवलं. आता जूचंद्र गावातल्या या इमारतीत, सोसायटीच्या कमिटीवर आहे.

गेल्या महिन्यात लिफ्टजवळच्या भिंतीवर मुलांचं एक चित्र मोठं रंगवून घ्यायचं ठरलं. विषय, 'आपली इमारत'. शेवटी दोन चित्रं उरली. ओवीचं समोरून काढलेलं: झाडं, गेट, हसरा सूर्य. तिची मैत्रीण स्वरा, सहा वर्षांची. तिनं इमारत वरून काढली होती. गच्चीवर काळ्या टाक्या, दोरीवर कपडे, आणि कपड्यांमधून डोकावणारी तिची आई. सगळे स्वराच्याच चित्रावर थांबले.

मग सेक्रेटरी म्हणाले, "भाडेकरू आहेत हो. अकरा महिन्यांनी जातील. भिंत आपली, चित्र मालकाच्या मुलीचं नको का?"

ओवीच्या चित्रासाठी हात वर झाले. माझाही.

"काकू, तुम्ही टीचर. पोरीला गोड बोलून समजवा. तुम्हाला जमतं."

मला जमलं. स्वराजवळ जमिनीवर बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले. डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "चित्र फार छान आहे गं. पण रेघा बारीक आहेत. लांबून दिसणार नाहीत."

तिनं मान डोलावली. रडली नाही. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ती दारात. हातात तेच चित्र, पण टाक्या खोडलेल्या. कपडे आणि आई हिरव्या झाडाखाली गेलेले. कोपऱ्यात हसरा सूर्य. सगळ्या रेघा जाड स्केचपेनच्या.

"आजी, आता दिसेल ना लांबून?"

 मी तिला आत बसवलं.

"स्वरा, मी काल तुला खोटं सांगितलं. तुझ्या रेघा बरोबर होत्या."

"मग माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही. तुम्ही भाड्यानं राहता म्हणून आम्ही मोठ्यांनी तुझं चित्र घेतलं नाही. आम्ही चुकलो."

"ओवीनं सांगितलं तसं करायला?"

"नाही. ओवीला काहीच माहीत नाही. तिनंही मनापासून काढलंय. तिच्यावर रागवायचं नाही. माझ्यावर रागावलीस तर चालेल."

ती रागावली. रडलीसुद्धा. मी "रडू नको" म्हटलं नाही, चॉकलेट दिलं नाही, "पुढच्या वेळी तुझंच" असंही म्हटलं नाही. पुढची वेळ माझ्या हातात नव्हती. रडून झाल्यावर विचारलं, "चित्राचं काय करायचं?"

"हे नको. हे ओवीसारखं झालंय." नाक पुसत म्हणाली, "मी परत टाक्या काढते."

तिची आई न्यायला आली. सगळं ऐकून हसली. "जाऊ द्या हो आजी, आम्हाला सवय आहे. पण तिला नव्हती."

त्या रविवारी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर निवडीचं खरं कारण मोठ्यानं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, "एवढ्याशीच होती, तर मला खोटं बोलायला का पाठवलंत?" कोणाचंच मत बदललं नाही. रंगारी ठरला होता, भिंत ओवीच्याच चित्रानं रंगली. स्वरा मला अजून आजी म्हणते, पण पूर्वीसारखी मांडीवर येत नाही. ते मी सोसणार आहे.

पण यापुढे कोणाच्या अन्यायाला माझा गोड आवाज मिळणार नाही. घरात नाही, कमिटीत नाही. आणि हेही लिहून ठेवते: बाईंचा हात डोक्यावरून फिरला तसाच माझा फिरला होता.

माझं मिठागराचं चित्र राहिलं नाही. स्वरानं परत काढून दिलेल्या टाक्या माझ्या दारावर आहेत, लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच दिसतात. लांबून.